अर्जातल्या पाचशे शब्दांत यमन आणि मारवा: संगीत विद्यालयासाठी निवेदन कसं लिहावं

ग्वाल्हेरच्या मुलांच्या अर्जाचं पहिलं वाक्य मला आता कागद न उघडताच सांगता येतं. ‘संगीतसम्राट तानसेनांच्या नगरीत माझा जन्म झाला.’ ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी गाणं शिकवते, त्यामुळे दर वर्षी दोन-तीन मुलं आपापले अर्ज घेऊन येतात आणि ‘ताई, जरा बघता का’ म्हणतात. मी पेन्सिलीने आधी हेच वाक्य खोडते. ते खोटं नसतं, पण त्यावरून गाणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. हजिऱ्यावर, तानसेनांच्या समाधीपाशी, असलेल्या चिंचेचा पाला गळा गोड व्हावा म्हणून लहानपणी आम्ही सगळ्यांनीच चघळलाय.

परदेशातल्या संगीत विद्यालयात, म्हणजे कॉन्झर्व्हेटरीत, प्रवेशासाठी रेकॉर्डिंगबरोबर एक निवेदन मागतात. मुलं त्याला एसओपी म्हणतात. त्यात साधारण तीन गोष्टी विचारलेल्या असतात: तुमची तालीम कशी झाली, पाठवलेल्या चिजा का निवडल्या, आणि पुढे स्वतःत काय घडवायचं आहे. हे तीन प्रश्न सुटे समजून तीन उत्तरं लिहिली की निवेदन फसतं. तालमीतून जे आलं ते चिजांत ऐकू यायला हवं, आणि चिजांत जे कमी ऐकू येतं तेच पुढे शिकायचं म्हणून लिहायला हवं. हे कसं जमवायचं ते एका मुलाच्या अर्जावरून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही.

मुलगा वीस वर्षांचा, ख्याल गाणारा. घर लष्करात, कॉलेज इंदूरला. अर्ज होता भारतीय संगीताचा स्वतंत्र विभाग असलेल्या परदेशी विद्यालयाचा. त्यांनी वीस ते पंचवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि जास्तीत जास्त पाचशे शब्द मागितले होते. निवड समितीत भारतीय संगीत जाणणारी एक व्यक्ती असेल आणि बाकीचे दुसऱ्या परंपरांतले असतील, एवढं त्यांनी आधीच कळवलं होतं. आपण कोणासाठी लिहितो आहोत हे त्यावरून ठरलं. जाणकाराला फुगवलेलं लगेच कळतं आणि बाकीच्यांना आपले शब्द कळत नाहीत. दोघांनाही पटेल असं लिहायचं म्हणजे जे प्रत्यक्ष ऐकू येतं तेच लिहायचं.

पहिली पायरी: लिहिण्याआधी स्वतःला मोजा

हा मुलगा आला तेव्हा निवेदनाची दोन पानं तयार होती आणि रेकॉर्डिंग व्हायचं होतं. मी पानं बाजूला ठेवली आणि म्हटलं, आधी गाऊन आण. क्रम असाच असावा. आधी रेकॉर्डिंग, मग निवेदन. उलटं केलं की माणूस आपल्याबद्दल जे वाटतं ते लिहितो, आणि रेकॉर्डिंग शेजारी बसून त्याला खोटं पाडत राहतं.

आठवड्याने तो विलंबित आणि द्रुत यमन घेऊन आला. विलंबित बंदिश तिलवाड्यात होती. तिलवाडा म्हणजे सोळा मात्रा. त्रितालासारखेच चार-चारचे भाग, पण ठेका वेगळा, डुलत जाणारा. ग्वाल्हेरच्या गाण्यात हा ताल फार. आम्ही दोघांनी कागदावर आवर्तनं मोजायला घेतली. एक आवर्तन साधारण तीस सेकंदांचं भरलं. तेरा मिनिटांत सव्वीस आवर्तनं. प्रत्येकापुढे त्याने त्यात काय गायलं ते लिहिलं. पहिली चार स्थायी-अंतऱ्याची. पुढची आठ आलाप आणि बहलाव्याची. दोन बोलआलापाची. उरलेली बाराही तानांची.

हे पाहून तो गप्प झाला. पहिल्या मसुद्यात त्याने लिहिलं होतं, ‘स्वरांचा संथ विस्तार हा माझ्या गायकीचा गाभा आहे.’ प्रत्यक्षात सातव्या मिनिटालाच ताना सुरू झाल्या होत्या आणि शेवटपर्यंत थांबल्या नव्हत्या. बंदिशीच्या शब्दांवरचं काम जेमतेम एका मिनिटाचं. कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. मुखडा, म्हणजे समेवर आणणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, ज्या ज्या वेळी घाईने पकडला त्या आवर्तनापुढे मी फुली मारत होते. नऊ फुल्या झाल्या. बाराव्या मात्रेपर्यंत तो आलापात रमायचा आणि मग उरलेल्या चार मात्रांत धावत समेवर यायचा. सम चुकली नाही, पण धाप ऐकू येत होती.

या कागदाला तासभर लागला, आणि निवेदनातली सगळी खरी वाक्यं त्यातूनच निघाली. तुम्ही सतार वाजवत असाल किंवा तबला, तरी असाच कागद करा. किती वेळ कशाला दिला, कुठे गडबड झाली, कुठे छान झालं, एवढंच लिहायचं. ‘छान’ही लिहायचं बरं का. त्याच्या मंद्रातल्या आलापांपुढे मी दोन ठिकाणी बरोबरची खूण केली होती, आणि ती पुढे फार कामी आली.

दुसरी पायरी: तालमीचा हिशेब

तालमीच्या परिच्छेदात नावांची माळ नको. या मुलाच्या पहिल्या मसुद्यात पाच गुरू होते. मी विचारलं, ‘यातल्या कोणी तुझी तान अर्ध्यात थांबवून पुन्हा म्हणायला लावली आहे?’ दोघांनी. बाकी तिघांपैकी दोघांच्या तीन-तीन दिवसांच्या कार्यशाळा आणि एकांकडून उन्हाळ्यात शिकलेली दोन भजनं. गुरू म्हणून दोन नावं राहिली. कार्यशाळा हवी तर परिचयपत्रात जाते.

‘बारा वर्षं शिकतोय’ यानेही काही कळत नाही. आठवड्यातून एक तास शिकून बारा वर्षं होतात आणि रोज गुरूकडे राहूनही होतात. समितीला फरक कळावा म्हणून आठवड्याला किती दिवस, किती वेळ, समोरासमोर की ऑनलाइन, आणि वर्गात किती मुलं, हे एका वाक्यात लिहावं. परीक्षांचंही तसंच. गांधर्व मंडळाची विशारद झाली असेल तर तेवढं लिहा. परदेशी वाचकाला विशारद म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून सात वर्षांचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम आणि शेवटी प्रत्यक्ष गायनाची परीक्षा, एवढं पुरे. विशेष योग्यता मिळाली की प्रथम श्रेणी, यात फारसं कोणाला स्वारस्य नसतं.

या मुलाच्या हिशेबात एक भोक होतं. आठव्या वर्षी तो लष्करातल्या गुरूंकडे जायला लागला, आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. तेराव्या वर्षी गळा फुटला आणि पंधराव्यापर्यंत गाणं बंद. मसुद्यात त्याने ही दोन वर्षं सफाईने गायब केली होती. मुलग्यांच्या अर्जांत हे नेहमी होतं. लाज वाटते की काय कोण जाणे. पण मुलग्याचा आवाज त्या वयात बदलतो हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, मग तो कुठल्याही परंपरेतला असो. त्या काळात तुम्ही काय केलंत, हे त्यांना वाचायचं असतं.

‘काय करत होतास?’ म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही ताई, गुरुजी नुसता तंबोरा छेडायला बसवायचे. आणि बंदिशी बोलून पाठ करायला लावायचे, तिलवाड्याचा ठेका हातावर धरून.’ म्हणजे जे सांगायला हवं तेच त्याच्या लेखी ‘काही नाही’ होतं. दोन वर्षं ठेका हातावर धरल्यामुळेच आज तो कितीही रमला तरी सम चुकवत नाही. गळा परत आला तेव्हा पट्टी काळी चारवरून काळी एकवर उतरली होती आणि मंद्र सप्तक त्याच्यासाठी नवीन होतं, म्हणून तिथे जास्त रियाज झाला. कागदावरच्या त्या दोन बरोबरच्या खुणा इथून आल्या होत्या.

अठराव्या वर्षी कॉलेजसाठी तो इंदूरला गेला. तिथे दुसरे गुरू मिळाले, आठवड्यातून एकदा दोन तास. त्यांच्या गाण्यावर अमीर खाँसाहेबांची छाया, म्हणजे झुमरा ताल, अतिविलंबित लय आणि एकेका स्वरावर मुक्काम. महिन्यातून एकदा तो ग्वाल्हेरला येऊन जुन्या गुरूंकडेही बसतो. हे दोन्ही गुरूंना माहीत आहे का, असं मी विचारलं. आहे म्हणाला. मग लिहायला हरकत नाही. ज्या गुरूचं नाव लिहिणार त्यांना आधी विचारायचं, ही आपल्याकडची रीत आहे आणि शहाणपणही. समितीने फोन केला आणि गुरूला अर्जाचा पत्ताच नाही, असं व्हायला नको.

घराण्याचा इतिहास मी सगळा कापला. हद्दू खाँ, हस्सू खाँ, शंकरराव पंडित, 1914 साली कृष्णराव पंडितांनी काढलेलं गांधर्व महाविद्यालय, 1918 साली भातखंड्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय. त्याने हे सगळं दीडशे शब्दांत लिहिलं होतं, आणि मनापासून लिहिलं होतं, म्हणून कापताना मलाही वाईट वाटलं. पण समितीतल्या जाणकाराला हे माहीत असतं आणि इतरांना त्यातून मुलगा दिसत नाही. त्याऐवजी ग्वाल्हेरचं गाणं म्हणजे काय, हे एका वाक्यात यायला हवं, आणि तेही त्याच्या गाण्यात ऐकू येईल असं. शेवटी परिच्छेद असा उतरला:

‘वयाच्या आठव्या वर्षापासून मी ग्वाल्हेरला गुरूंसमोर बसून शिकलो, आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. इथे आधी पूर्ण बंदिश मांडतात आणि मग तिच्याच शब्दांतून आणि स्वरांच्या वळणांतून विस्तार करतात. तेरा ते पंधरा या वयात आवाज बदलत असताना मी गायलो नाही. तंबोरा धरला, ताल हातावर ठेवून बंदिशी बोलून पाठ केल्या. माझ्या लयीचा पाया त्या दोन वर्षांत पडला. अठराव्या वर्षापासून मी इंदूरला दुसऱ्या गुरूंकडे शिकतो. त्यांच्याकडे लय याच्या जवळजवळ निम्मी असते आणि विस्तार शब्दांपेक्षा स्वरांवर चालतो. दोन्हीकडे मी अजून जातो.’

‘अष्टांग गायकी आत्मसात केली’ हे वाक्यही होतं, तेही गेलं. आठ अंगांची यादी म्हणायला लावली तर सहावर गाडी थांबली. आणि यादी घरोघर थोडी बदलते, त्यामुळे मुलाखतीत त्यावरूनच वाद निघायचा.

तिसरी पायरी: चिजा का निवडल्या

मुलांना वाटतं, जितके प्रकार तितका प्रभाव. याची पहिली यादी अशी होती: यमनचा ख्याल, हमीरमधली छोटी बंदिश, काफीतला टप्पा, एक तराणा, एक मराठी अभंग आणि मारवा. पंचवीस मिनिटांत सहा म्हणजे प्रत्येकाला जेमतेम चार मिनिटं. चार मिनिटांत विलंबित ख्यालाची स्थायी-अंतरा मांडून झाली की घड्याळ संपतं. ऐकणाऱ्याला कळतं की मुलाला सहा गोष्टी येतात. एखादी गोष्ट तो कशी वाढवतो, हे मात्र कळत नाही, आणि ख्यालाच्या परीक्षेत बघायचं असतं ते नेमकं तेच.

टप्पा काढताना भांडण झालं. टप्पा ग्वाल्हेरचा, त्यात त्याची मेहनत, आणि आईचा आग्रह. मी फक्त एवढं विचारलं की रेकॉर्डिंगमधल्या टप्प्याच्या ताना दुसऱ्या दिवशी तशाच दाणेदार येतील का. त्याने तिथेच गाऊन बघितला. तिसऱ्या ओळीत अडकला. टप्पा गेला.

तुमच्या यादीलाही हीच कसोटी लावा. मुलाखतीत, अनोळखी तबलजीबरोबर, सर्दी असताना जी चीज तुम्ही गाल तीच लिहा. निवेदनात नाव आलं म्हणजे ‘जरा म्हणून दाखवा’ हे आलंच. प्रत्यक्ष चाचणी सकाळी अकराला असेल आणि तुमच्या यादीत सगळे संध्याकाळचे राग असतील, तर एक सकाळचा राग, अल्हैया बिलावल किंवा तोडी, तयार ठेवा. रेकॉर्डिंगला वेळेचा एवढा प्रश्न नसतो, तरी समोर बसलेल्या जाणकार माणसाला ते खटकू शकतं.

शेवटी दोनच राग राहिले: यमन आणि मारवा. मग ‘दोन्ही संध्याकाळचेच का?’ हा प्रश्न आला, आणि त्याच्या उत्तरातूनच चिजांचा परिच्छेद सापडला. यमनमध्ये मध्यम तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध. मारव्यात रिषभ कोमल होतो आणि पंचम नाहीच. बाकीचे स्वर तेच. शेजारशेजारच्या घरांसारखे हे राग. पण यमन तो ग्वाल्हेरच्या रीतीने गातो, तिलवाड्यात, शब्द हाताशी धरून, आणि मारवा इंदूरच्या रीतीने, झुमऱ्यात, एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचं, मंद्रातल्या निषाद-धैवताशी घोटाळत, षड्ज बराच वेळ लांबणीवर टाकत. साधारण त्याच स्वरांशी दोन घरं वेगवेगळी कशी वागतात, हे ऐकणाऱ्याला बावीस मिनिटांत ऐकता येतं: विलंबित यमन तेरा मिनिटं, द्रुत चार, मारवा पाच.

हे कारण खरं होतं आणि फक्त त्याचंच होतं. ‘यमन हा मला अत्यंत प्रिय राग आहे’ असं कोणीही लिहू शकतं. तुमचं कारण तुमच्याच तालमीतून यायला हवं. त्यासाठी प्रत्येक चिजेपुढे तीन प्रश्न लिहा आणि एकेका ओळीत उत्तर द्या. ही कोणाकडून आली? हिच्यात मला कुठलं काम सुचतं? यादीतल्या दुसऱ्या चिजेशी हिचं नातं काय? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर ती चीज बहुधा जास्तीची आहे.

पहिल्या प्रश्नाला प्रामाणिक राहा. यमनची द्रुत बंदिश त्याने यूट्यूबवरून उचलली होती आणि मसुद्यात ती ‘गुरुमुखातून’ आली होती. नंतर गुरुजींनी तिचा अंतरा बदलून दिला, हेही खरं. मग आम्ही तसंच लिहिलं: ध्वनिमुद्रणावरून बसवली, गुरूंनी अंतऱ्याची चाल दुरुस्त केली. यात कमीपणा काही नाही. उलट मुलगा स्वतः ऐकून बसवतो आणि मग दाखवून दुरुस्त करून घेतो, हे कळतं. क्रमिक पुस्तकातून बसवली असेल तरी तसंच सांगा.

चौथी पायरी: पुढे काय घडवायचं

इथे सगळ्यात जास्त पोकळ वाक्यं येतात. त्याच्या मसुद्यात होतं: ‘भारतीय शास्त्रीय संगीताचा वारसा जपून तो जगभर पोहोचवायचा आहे.’ मी विचारलं, ‘सोमवारी सकाळी उठून काय करणार?’ हसला. विद्यालयाला दोन-चार वर्षांत तुमच्याबरोबर काय करता येईल हे ठरवायचं असतं, आणि वारसा जपणं हे कुठल्या तासाला शिकवणार?

आम्ही पुन्हा तो सव्वीस आवर्तनांचा कागद काढला. उणिवा समोरच होत्या. बोलआलापाला दोन आवर्तनं. तानांची बारा आवर्तनं सलग. नऊ फुल्या. यातली कुठली लिहायची? सगळ्या लिहिल्या तर तक्रारवही होते, म्हणून दोनच निवडल्या. ज्या आपल्या तालमीतून समजावून सांगता येतात आणि ज्यांवर ते विद्यालय खरंच काम करू शकतं, अशा.

पहिली होती दोन रीतींच्या गुंत्याची. इंदूरला गेल्यापासून यमन गातानाही तो एकेका स्वरावर जास्त थांबायला लागला होता. झुमऱ्याच्या मिनिटभराच्या आवर्तनात थांबायला जागा असते. तिलवाड्याच्या तीस सेकंदांत तसंच थांबलं की बाराव्या मात्रेवर जाग येते आणि मुखडा धावत पकडावा लागतो. नऊ फुल्यांचं कारण हे होतं. गळा किंवा ताल कच्चा असल्यामुळे त्या पडल्या नव्हत्या. दोन घरांची सवय एकाच आवर्तनात शिरली होती. हे त्याला स्वतःलाच तेव्हा कळलं, आणि मलाही.

दुसरी, ताना लवकर सुरू होणं. विस्तार सुचेनासा झाला की तान हाताशी असते. म्हणजे शिकायचं ते शब्दांवरचं काम, बोलआलाप आणि बोलबनाव, ज्याने तानांनी व्यापलेली सहा मिनिटांची जागा भरून निघेल. आणखी एक इच्छा त्याने स्वतः सुचवली: दुसऱ्या परंपरांतले गायक संथ वाक्य श्वासात कसं बसवतात, ते पाहायचं. त्या विद्यालयात हे शक्य होतं, म्हणून ठेवली. दुसऱ्या ठिकाणच्या अर्जात ती ठेवली नसती. तिथे कोण काय शिकवतं हे विद्यालयाच्या माहितीत वाचून मगच हा परिच्छेद लिहा.

‘यमनच्या रेकॉर्डिंगमध्ये काही ठिकाणी मी मुखड्याकडे घाईने येतो, हे तुम्हाला ऐकू येईल. इंदूरच्या लयीत थांबायची सवय ग्वाल्हेरच्या लहान आवर्तनात आल्यामुळे हे होतं. दोन्ही पद्धती मला हव्या आहेत, पण कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं हे जाणून निवडायला मला शिकायचं आहे. सातव्या मिनिटाला मी तानांकडे वळतो, कारण शब्दांवरून विस्तार करण्याचं माझं काम अजून थोडं आहे. पुढची दोन वर्षं मी त्यावर घालवू इच्छितो.’

असं लिहायला मुलं घाबरतात. आपणच आपली चूक दाखवायची? पण समिती ती चूक ऐकणारच आहे. निवेदनात ती नसेल तर मुलाला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं, आणि असेल तर त्याचा कान तयार आहे हे दिसतं. मर्यादा मात्र पाळा. स्वर लागत नाही, सम सापडत नाही, अशा पायाच्या उणिवा असतील तर त्या लिहिण्याऐवजी रेकॉर्डिंग पुन्हा करा, किंवा अर्ज वर्षभराने करा.

पाचवी पायरी: भाषा

अर्ज इंग्रजीत होता, तरी आम्ही सगळं मराठीत लिहिलं आणि मग त्याने इंग्रजीत नेलं. सरळ इंग्रजीत लिहायला बसलं की पॅशन, जर्नी, डिव्हाइन हे शब्द आपोआप येतात आणि मुलगा दिसेनासा होतो. मराठीत तो ‘मला सातव्या मिनिटाला सुचेनासं होतं’ असं बोलतो, आणि ते इंग्रजीत नेलं तरी खरंच राहतं.

आपले शब्द गाळू नयेत, पण प्रत्येकाला त्याच वाक्यात टेकू द्यावा. बहलाव्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका. ‘बहलावा, म्हणजे आकारात, मध्यम लयीत, स्वर एकमेकांत ओवत घेतलेला झोका’ असं एकदा म्हटलं की पुढे नुसता बहलावा चालतो. सगळ्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणू नका. आलाप, बोलआलाप, तान यांतला फरकच तुमचा विषय आहे. पट्टीही त्यांना कळेल अशी लिहा: काळी एक म्हणजे सी-शार्प. पाचशे शब्दांत असे चार-पाचच शब्द मावतात, तेव्हा जे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतात तेच ठेवा.

शब्दांची वाटणी आमची अशी झाली: तालमीला साधारण दीडशे, चिजांना दोनशे, पुढच्या कामाला सव्वाशे. उरलेल्यात दोन ओळींची सुरुवात, आणि त्यात तानसेन नव्हता. पहिलंच वाक्य होतं, ‘मी यमन आणि मारवा पाठवत आहे, कारण ते मी दोन वेगळ्या घरांत शिकलो.’

सहावी पायरी: दोन्ही गुरूंना दाखवा

हे टाळू नका. ग्वाल्हेरच्या गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ‘गळा फुटल्यावर दोन वर्षं नाही, एक वर्ष दहा महिने’ एवढीच दुरुस्ती सांगितली. त्यांच्याकडे हजेरीची वही होती. आम्ही ‘जवळजवळ दोन वर्षं’ केलं. इंदूरच्या गुरूंना मुलाने फोनवर वाचून दाखवलं. चिजांच्या परिच्छेदात त्याने हौसेने दोन्ही विलंबितांचे मात्रांचे आकडे घातले होते, मिनिटाला किती मात्रा वगैरे, मेट्रोनोम लावून काढलेले. ते म्हणाले, ‘आकडा काढ. मुलाखतीला तबलजी त्यांचा असेल, लय त्या दिवशी बसेल तशी बसेल. मग ते कागद बघत बसतील आणि तू घड्याळ.’ आकडे काढले, आणि त्या जागी ‘झुमऱ्याचं एक आवर्तन जवळजवळ एका मिनिटाचं’ एवढंच राहू दिलं.